घाईचे उत्तर आणि विचाराचे उत्तर

बीड जिल्ह्यातील दिंद्रुड येथे कोड्यांच्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ होतो, शाळेचे मुख्याध्यापक भाषण करतात आणि त्या भाषणात वेगापेक्षा धीराच्या विचाराला अधिक मान देतात, ही घटना वरकरणी अगदी लहान आहे. बक्षीस समारंभातील भाषणांचा एक ठराविक साचा असतो. पहिल्या आलेल्या मुलाची तल्लखता वाखाणावयाची, स्पर्धेच्या युगाचा उल्लेख करावयाचा आणि 'जो थांबला तो संपला' असे बजावून खाली बसावयाचे. दिंद्रुडच्या मुख्याध्यापकांनी हा साचा मोडला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, ज्याचा हात सर्वांत आधी वर जातो त्याने सर्वांत चांगला विचार केलेला असतोच असे नाही. कोडे हे धावण्याच्या शर्यतीसाठी नसून एका प्रश्नापाशी बसण्याची सवय लागावी यासाठी असते. हे मत पटो वा न पटो, ते गांभीर्याने तपासून पाहण्याच्या योग्यतेचे आहे. कारण ज्या परीक्षांवर आज गावोगावच्या मुलांचे भवितव्य ठरते, त्यांची सारी रचना याच्या नेमकी उलट दिशेने झालेली आहे.

या मताविरुद्धचा आक्षेप प्रथम ऐकून घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. वेगाला तुच्छ लेखून व्यवहार चालत नाही. आठवडी बाजारात साडेतीन किलो कांद्याचा हिशेब करताना विक्रेता कागद शोधत बसला तर गिऱ्हाईक पुढच्या पालावर जाईल. मराठी शाळांतून एके काळी नुसते पाढेच नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकीही तालावर पाठ करून घेतली जात असे, ती काही निर्बुद्ध घोकंपट्टी नव्हती. सात साते एकोणपन्नास हे ज्याला आठवावे लागते, त्याचे अर्धे चित्त त्या आठवण्यातच खर्ची पडते आणि मूळ प्रश्नाकडे पाहावयाला शिल्लक काही उरत नाही. शकुंतलादेवींनी १९८० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार अठ्ठावीस सेकंदांत केला, तेव्हा जगाने तोंडात बोट घातले ते योग्यच होते.

परंतु या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. गुणाकार कसा करावयाचा हे तेथे आधीच ठाऊक असते. उरते ते फक्त करणे. कोड्यात नेमके तेच ठाऊक नसते. काय करावयाचे हे शोधणे हेच कोड्याचे काम. म्हणून वेग आणि धीर यांचे भांडण लावण्याऐवजी त्यांचे प्रदेश वेगळे करणे अधिक उचित ठरेल. जे माहीत आहे ते झरझर यावे. जे माहीत नाही त्यापाशी थांबता यावे. घोळ होतो तो दुसऱ्या प्रदेशात पहिल्याची चाल चालविल्यामुळे, आणि तो कसा होतो हे एका साध्या कोड्यावरून दिसून येते.

एक तांब्या आणि एक पेला मिळून १,१०० रुपयांना पडले. तांब्या पेल्यापेक्षा १,००० रुपयांनी महाग आहे. तर पेल्याची किंमत किती? बहुतेकांच्या मनात उत्तर आपोआप उभे राहते: १०० रुपये. ते चूक आहे. पेला १०० रुपयांचा मानला तर १,००० रुपयांनी महाग असलेला तांब्या १,१०० चा होतो आणि दोहोंची बेरीज १,२०० वर जाते. खरे उत्तर ५० रुपये. तांब्या १,०५०, पेला ५०. बेरीज १,१००, फरक १,०००. यात न समजण्यासारखे गणित मुळीच नाही, चौथीच्या मुलालाही हा ताळा करता येईल. प्रश्न बुद्धीचा नसून ताळा करावासा वाटण्याचा आहे.

याच धर्तीचे कोडे शेन फ्रेडरिक या अमेरिकन संशोधकाने २००५ साली अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात मांडले होते. तेथे चेंडू आणि बॅट होती, आणि त्याच्या जोडीला आणखी दोन तशीच फसवी कोडी. सुमारे साडेतीन हजार लोकांना, ज्यांत बहुसंख्य नामांकित विद्यापीठांचे विद्यार्थी होते, ही तीन कोडी घातली गेली. तिन्ही बरोबर सोडविणारे शेकडा १७ निघाले. एकही न सुटलेले शेकडा ३३. परंतु त्या लेखातील सर्वांत मार्मिक निरीक्षण याहून वेगळे आहे. ज्यांचे चेंडूचे उत्तर चुकले होते त्यांना विचारले की, हे कोडे किती लोकांना सुटेल? त्यांचा अंदाज शेकडा ९२ चा होता. ज्यांचे उत्तर बरोबर होते त्यांचा अंदाज मात्र शेकडा ६२ चा. म्हणजे चुकलेल्यांना कोडे सोपे वाटले होते आणि बरोबर आलेल्यांना अवघड. बरोबर आलेल्यांच्याही मनात ते पहिले, चुकीचे उत्तर बहुधा आलेच असेल. परंतु त्यांनी ते तपासले, ते मोडले आणि मोडल्यामुळेच त्यांना कोड्यातील खाच कळली. ज्याने तपासले नाही त्याला खाच होती याचाही पत्ता लागला नाही.

शिक्षकाच्या दृष्टीने हे निरीक्षण फार मोलाचे आहे. मूल चुकले आहे हे उत्तरावरून कळते. पण ते कसे चुकले हे कळण्याची खूण म्हणजे त्याला कोडे किती सोपे वाटले ही होय. म्हणून धीर याचा अर्थ नुसता वेळ असा घेतल्यास फसगत होईल. त्या मुलाला आणखी दहा मिनिटे दिली तरी तो पाटीवर नक्षी काढीत बसेल, कारण त्याच्या लेखी काम संपलेले आहे. धीर म्हणजे मनात आलेल्या उत्तराला 'हे खरे असेल तर पुढे काय होईल?' असे विचारून पाहणे. मुख्याध्यापकांच्या भाषणाचा गाभा शोधावयाचा तर तो येथे शोधला पाहिजे.

तपासणे हा धीराचा एक अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग यापेक्षा अधिक आनंदाचा आहे, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्राला बाहेरून आणावयाची गरज नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. १९०५ साली डहाणूस जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, विद्यार्थिदशेत १९२७ साली गणितासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि त्यानंतर १९३० ते १९६२ अशी तीन तपांच्या जवळपास जाणारी शाळामास्तरकी. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. संख्यांशी खेळत बसणारा हा शिक्षक पुष्कळांच्या लेखी केवळ छांदिष्ट होता. मार्टिन गार्डनर या कोडेकाराने १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. त्यांचा सर्वांत गाजलेला शोध ६१७४ या संख्येचा, आणि कोड्यांच्या कोणत्याही स्पर्धेत तो ठेवता येईल इतका तो साधा आहे.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करावी आणि पहिलीतून दुसरी वजा करावी. जी वजाबाकी येईल तिच्यावर पुन्हा हाच प्रयोग करावा. उदाहरणासाठी मराठवाडा जे साल विसरू शकत नाही ते दुष्काळाचे १९७२ घेऊ या. ९७२१ मधून १२७९ वजा केले की ८४४२. पुढे ८४४२ मधून २४४८ वजा केले की ५९९४. मग ९९५४ वजा ४५९९ म्हणजे ५३५५. ५५५३ वजा ३५५५ म्हणजे १९९८. ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर प्रयोग केला तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४ च. गाडी येथे थांबते. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी ती येथेच थांबते, आणि सातपेक्षा अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. दुष्काळाच्या सालाला पूर्ण सात लागल्या.

घाई येथे दोन ठिकाणी मुलांना दगा देते. चौथ्या पायरीवर १९९८ आले की 'हे काही जमत नाही' म्हणून पाटी पुसणारे काही असतात. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. २१११ ही संख्या घेतली तर २१११ वजा १११२ म्हणजे ९९९ येते. घाईत असलेला मुलगा ही तीन अंकी संख्या मानतो, ९९९ मधून ९९९ वजा करतो, शून्यावर येतो आणि कापरेकरांचा नियम मोडल्याची द्वाही फिरवितो. वस्तुतः नियम चार अंकांचा आहे. तेथे ०९९९ असे लिहावयास हवे. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, पुढे ८५३२ आणि अखेर ६१७४. एका शून्याकडे केलेले दुर्लक्ष साऱ्या निष्कर्षाला उलटे करते.

परंतु खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. 'कोणत्याही संख्येपासून' हे कशावरून म्हणावयाचे? चारही अंक सारखे असलेल्या दहा संख्या वगळल्या तर ९,९९० संख्या उरतात. वेगाचा भक्त म्हणेल, सगळ्या करून पाहू. अधिक वेगवान मुले बसवू. धीराने पाहणारा निराळा विचार करतो. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले असता मोठ्या संख्येत पहिला अंक हजारांच्या जागी आणि शेवटचा एककाच्या जागी असतो. लहान संख्येत नेमके उलट. म्हणून वजाबाकीत पहिल्या आणि शेवटच्या अंकांतील फरकाला १,००० वजा १, म्हणजे ९९९ ने गुणले जाते. मधल्या दोन अंकांचेही तसेच. ते शतक आणि दशक या जागांची अदलाबदल करतात, म्हणून त्यांच्यातील फरकाला १०० वजा १०, म्हणजे ९० ने गुणले जाते. १९७२ वर हे ताडून पाहता येईल. ९ आणि १ यांतील फरक ८, त्याचे ७,९९२. ७ आणि २ यांतील फरक ५, त्याचे ४५०. बेरीज ८,४४२. वर वजाबाकी करून आलेली संख्या हीच होती.

याचा अर्थ असा की, पहिल्या पायरीनंतर मूळ चार अंकांना काही महत्त्वच उरत नाही; महत्त्व उरते ते केवळ दोन फरकांना. बाहेरचा फरक १ पासून ९ पर्यंत असू शकतो. आतला फरक शून्यापासून सुरू होतो आणि बाहेरच्या फरकापेक्षा मोठा कधीच होऊ शकत नाही, कारण मधले अंक टोकांच्या अंकांमध्येच सापडलेले असतात. बाहेरचा फरक १ असेल तर आतल्याला दोन वाटा, २ असेल तर तीन, असे करीत ९ असेल तर दहा. दोनपासून दहापर्यंतची बेरीज केली की ५४. म्हणजे ९,९९० संख्या तपासण्याची गरज नाही, ५४ पुरेत. एका मुलाला, एका वहीवर, एका संध्याकाळी ते काम संपविता येते आणि शेवटी तो जे म्हणतो ते अनुभवावरून बांधलेले अनुमान नसते, तर पक्की खात्री असते.

वेग आणि धीर यांच्यातला हिशेब येथे अगदी उघड होतो. सर्वांत वेगवान मुलगा दुप्पट, फार तर चौपट वेगाने वजाबाक्या करील. विचार करणाऱ्याने काम जवळजवळ दोनशे पटींनी कमी केले. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर मजुराचे हात जलद चालविणे आणि कामाची पद्धतच बदलणे यांत जो फरक आहे तोच हा फरक होय. त्या विचाराला पंधरा-वीस मिनिटे लागली असतील, आणि त्या वेळात वहीवर एकही वजाबाकी उमटलेली नसेल. घड्याळ लावून बसलेल्या परीक्षकाला तो मुलगा रिकामा बसलेला दिसेल. वेगाची स्पर्धा ज्याला बाद ठरविते तो नेमका हाच मुलगा, ही दिंद्रुडच्या मुख्याध्यापकांच्या म्हणण्यामागची खरी व्यथा आहे.

आता हेच माप मोठ्या परीक्षांना लावून पाहावे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत २०२५ साली १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. समजा, एका उमेदवाराला चार प्रश्नांतील काहीच कळले नाही आणि त्याने चारही ठिकाणी डोळे मिटून खूण केली. सरासरीने एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. मिळकत ४, नुकसान ३, निव्वळ नफा १ गुण. त्याला प्रत्येक प्रश्नातील एखादा पर्याय निश्चित चुकीचा आहे एवढे जरी ओळखता आले, तर तीन प्रश्नांमागे एक बरोबर आणि दोन चूक, म्हणजे २ गुणांचा नफा. 'मला हे येत नाही' असे प्रामाणिकपणे म्हणून प्रश्न कोरा सोडणाऱ्याला शून्य. जेथे शेवटच्या एका गुणावर शेकडो क्रमांक पुढेमागे होतात, तेथे हा नफा सोडा असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीला एक तृतीयांश गुण कापले जातात. तेथे तीन चुका मिळून एका बरोबर उत्तराची मिळकत खाऊन टाकतात आणि डोळे मिटून केलेल्या खुणेचे मोल शून्य होते. एवढ्याशा फरकाने उमेदवाराच्या वागण्याचे गणित पालटते. माणसे उपदेशाने वागत नाहीत, मोबदल्याने वागतात, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा परीक्षा आखणाऱ्यांनाही लागू आहे.

तरीही या परीक्षांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. २०२४ साली 'नीट'ला वीस लाखांहून अधिक उमेदवार बसले. इतक्यांचे लेखी युक्तिवाद माणसांनी वाचून समान न्यायाने तपासावयाचे म्हटले तर ते होणे नाही. आणि परीक्षकाची लहर, हस्ताक्षराचा प्रभाव, शहरी मुलाच्या सफाईदार इंग्रजीची मोहिनी यांपासून खेड्यातील मुलाला यंत्राने तपासलेली उत्तरपत्रिका काही अंशी वाचविते, हेही विसरता येणार नाही. वेगाची कसोटी ही त्या परीक्षांची अडचण आहे. मात्र जी गोष्ट लाखोंच्या परीक्षेत नाइलाजाने करावी लागते, ती पन्नास-साठ मुलांच्या शाळेतील स्पर्धेत हौसेने का करावी? मोठ्या परीक्षेचा सराव म्हणून पाचवीच्या मुलांनाही पर्याय देऊन, घंटा वाजवून, तीस मिनिटांत तीस कोडी घालणाऱ्या स्पर्धा जागोजागी होत असतात. ज्या ठिकाणी विचाराला जागा देता आली असती, तेथेही घड्याळ आणून बसविले जाते.

भाषणाचा परिणाम व्हावयाचा असेल तर तो गुणदानाच्या तक्त्यात उतरला पाहिजे, नाही तर टाळ्यांबरोबरच तो विरून जातो. दोन तासांत तीस नव्हे, पाच कोडी द्यावीत. प्रत्येक कोड्याच्या दहा गुणांपैकी तीन उत्तराला, पाच त्यामागील कारणाला आणि दोन ताळ्याला असावेत. ज्या मुलाने चुकीची वाट धरली, परंतु ती चूक का ठरली हे स्वतः ओळखून लिहिले, त्याला कारणाच्या पाच गुणांतून वाटा मिळावा. ज्याचे उत्तर बरोबर आहे पण ते कसे आले हे सांगता येत नाही, त्याची तीन गुणांवर बोळवण व्हावी. दोघांचे गुण समान झाले तर घड्याळाकडे न पाहता दोघांना सहावे कोडे द्यावे. अशा तक्त्याखाली तांब्या-पेल्याच्या कोड्यात १०० म्हणणारा मुलगा ताळा करू लागेल, कारण ताळ्याला आता किंमत आली.

या पद्धतीच्याही मर्यादा आहेत आणि त्या लपवून ठेवू नयेत. शिक्षकाचा वेळ बराच जातो. साठ मुलांची पाच-पाच कोडी म्हणजे तीनशे युक्तिवाद. एकेकाला दोन मिनिटे धरली तरी दहा तासांचे काम, आणि तेही एकाच शिक्षकाने केले तर शेवटच्या वह्यांना पहिल्याइतका न्याय मिळणे कठीण. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. कारण लिहून मागितले की ज्याची प्रमाण मराठी सफाईदार त्याचे फावते. बीड जिल्ह्यात तांड्यांवरची मुले आहेत, त्यांच्या घरची बोली गोरमाटी. ऊसतोडणीसाठी आईबापांबरोबर दर वर्षी कारखान्यांच्या वाटेला लागणारी मुले आहेत, त्यांची शाळेची कित्येक आठवडे बुडतात. अशा मुलाचा विचार बावनकशी असूनही तो कागदावर उतरेलच असे नाही. त्यावर उपाय अवघड नाही. ज्या उत्तरापुढे कारण तुटक आहे, त्या मुलाला जवळ बोलावून तोंडी विचारावे आणि त्याच्या बोलीत सांगू द्यावे. खडे मांडून दाखविले तरी ते कारणच होय. वेगाच्या स्पर्धेत मात्र या मुलाला दुहेरी दंड बसतो; आधी प्रश्न वाचण्यात त्याचा वेळ जातो आणि मग उरलेल्या वेळात त्याने विचार करावा अशी अपेक्षा केली जाते.

यावर कोणी म्हणेल की, कोड्यांच्या गुणदानाची एवढी चिकित्सा कशाला? त्याचे उत्तर शाळेबाहेर आहे. गावात लहान कर्जे देणारा प्रतिनिधी येतो आणि सांगतो, बारा हजार रुपये घ्या, वर्षाला बारा टक्के व्याज, दर महिन्याला १,१२० रुपयांचा हप्ता, बारा हप्त्यांत कर्ज फिटले. घाईचा हिशेब त्याच्या बाजूने आहे. बारा हजारांचे बारा टक्के म्हणजे १,४४० रुपये, एकूण १३,४४०, भागिले बारा, बरोबर १,१२०. ताळाही जमतो. सही होते.

या कोड्याची खाच कोठे आहे? ती या प्रश्नात आहे की, बारा हजार रुपये वर्षभर कर्जदाराकडे राहिले का? नाही. पहिला महिना बारा हजार राहिले, हप्त्यातून मुद्दलाचे हजार गेले की दुसरा महिना अकरा हजार, मग दहा, असे करीत अखेरच्या महिन्यात त्याच्या हाती कर्जाचे केवळ एक हजार उरलेले असतात. बारा महिन्यांची सरासरी काढली तर ती साडेसहा हजार भरते. व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवर वर्षभराचे घेतले गेले. साडेसहा हजारांवर १,४४० रुपये म्हणजे सुमारे बावीस टक्के. हप्त्यांच्या क्रमाने काटेकोर आकडेमोड केली तरी ते साडेएकवीसच्या जवळपास भरते. जेवढे पैसे खरोखर हाती आहेत तेवढ्यांवरच महिन्याला शेकडा एक व्याज आकारले असते, तर वर्षाचे व्याज ७८० रुपये झाले असते. बारा टक्के या शब्दांत खोटे काही नव्हते, पण ते टक्के कशावर, हे विचारले गेले नाही.

तांब्या-पेल्याचे कोडे आणि हे कर्ज यांची जात एकच आहे. दोहोंत एक उत्तर आपोआप पुढे येते, ते सोपे वाटते आणि त्या सोपेपणामुळेच ते तपासले जात नाही. फरक इतकाच की, पहिल्यात चुकले तर तीन गुण जातात. दुसऱ्यात एका गरीब घरातून वर्षाला ६६० रुपये जास्तीचे जातात, आणि कर्ज दरसाल नव्याने घेतले तर दरसाल जातात. हप्ता ठरविणाऱ्यापाशी वेळ भरपूर होता. त्याने आपला हिशेब शांतपणे, कार्यालयात बसून केलेला असतो. घाई असते ती फक्त सही करणाऱ्याला. बियाण्यांची पेरणी उभी असते, घरात दुखणे असते, लग्न ठरलेले असते. अशा वेळी थांबून एक प्रश्न विचारण्याची सवय ऐन प्रसंगी उपजत नाही; ती लहानपणी, चुकले तरी काही बिघडणार नाही अशा ठिकाणी लावून घ्यावी लागते. कोड्यांची स्पर्धा हे असे ठिकाण आहे.

म्हणून दिंद्रुडच्या त्या भाषणाकडे केवळ एका सुजाण शिक्षकाचा सद्विचार म्हणून पाहून चालणार नाही. त्यांनी जे म्हटले त्याची कसोटी पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत लागेल. तेथे घंटा वाजविणारा शिक्षक असेल की वह्या वाचणारा, बक्षीस पहिल्या हाताला मिळेल की पहिल्या पक्क्या कारणाला, आणि वीस मिनिटे काहीही न लिहिता बसलेल्या मुलापाशी जाऊन 'काय चालले आहे?' असे कोणी आपुलकीने विचारील की नाही, यावरून ते भाषण किती खोल गेले हे कळेल. तो मुलगा कदाचित खिडकीबाहेर पाहत असेल. कदाचित ९,९९० चे ५४ कसे करावयाचे हे तो शोधीत असेल.